परदेशी दुकानाने कार्ड नाकारले, की आपल्याच बँकेने?

“परदेशी साइटवर कार्ड डिक्लाइन झालं म्हणजे ती साइट भारतीय कार्ड घेतच नाही. खात्यात पैसे असले की कार्ड कुठेही चालतं, दोन-चार वेळा टाकून बघा, जाईल.”

नागपुरातल्या अनेक गटांत फिरणाऱ्या या संदेशातील पहिली चूक म्हणजे नकाराचे खापर दुकानावर फोडणे. दुकान कार्डाची माहिती पुढे पाठवते आणि पैसे द्यायचे की नाही, हे कार्ड देणारी बँक ठरवते. दुकानाच्या पडद्यावर मात्र कारण न देता केवळ “Your card was declined” एवढेच दिसते, म्हणून खरे कारण बँकेच्या एसएमएसमध्ये शोधावे.

शिलकीचा मुद्दा अधिक फसवा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातील एटीएम आणि दुकानातील स्वाइप यंत्रांवर चालते. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. त्यामुळे जुन्या कार्डाने पूर्वी परदेशी खरेदी झाली असली, तरी मुदत संपून आलेले नवे कार्ड अडू शकते.

प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीचे असेच झाले. तिला १८ डॉलरचे सॉफ्टवेअर घ्यायचे होते, खात्यात ४२ हजार रुपये होते आणि सीताबर्डीच्या दुकानांत तेच कार्ड रोज चालत होते. बँकेच्या ॲपमध्ये पाहिले तेव्हा देशांतर्गत ऑनलाइन वापर चालू, पण आंतरराष्ट्रीय वापर बंद होता. तो चालू करूनही पैसे गेले नाहीत, कारण त्याखालची खर्चमर्यादा शून्यच राहिली होती. मर्यादा ३,००० रुपये केल्यावर खरेदी झाली, आणि लगेच आम्ही तो वापर पुन्हा बंद केला. ही दक्षता मला आवश्यक वाटते, कारण अनेक परदेशी दुकाने ओटीपी न मागताच पैसे घेतात. मर्यादा ठरवताना विनिमयावरील बँकेचे शुल्क आणि त्यावरचा कर यांसाठी थोडी जागा ठेवावी.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा सल्ला तर अपायकारकच आहे. बंद असलेला वापर दहाव्या प्रयत्नातही बंदच राहतो, उलट बँकेला फसवणुकीची शंका येऊन देशातला वापरही थांबवला जाऊ शकतो. किंमत रुपयांत दिसते म्हणून व्यवहार भारतीय ठरतो, असेही नाही. दुकानाचे पैसे परदेशातील बँकेमार्फत स्वीकारले जात असतील, तर तो आंतरराष्ट्रीयच धरला जातो.

काही कार्डे मुळातच देशापुरती असतात, उदाहरणार्थ साधे रुपे डेबिट कार्ड. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्यायच दिसत नसेल, तर बहुधा तेच कारण असते आणि बँकेकडून आंतरराष्ट्रीय वापराचे दुसरे कार्ड घ्यावे लागते. रुपे ग्लोबल कार्ड वेगळे आहे, परंतु तेही डिस्कव्हरसारखे त्याच्याशी जोडलेले परदेशी कार्डांचे जाळे स्वीकारणाऱ्या दुकानांतच चालते.