शिकून आलेल्या मुलीला पुन्हा बेसिनवर उभं करू नका

लहान गावातून आलेल्या स्टायलिस्ट टिकत नाहीत, असं आम्ही सलूनवाले एकमेकांना सांगत असतो. मीही सांगायचे. मग सोडून गेलेल्या तिघींना फोन करून विचारलं. पगाराचं नाव पहिलं कुणीच काढलं नाही. एक म्हणाली, "ताई, रात्री हॉस्टेलचं गेट बंद व्हायचं आणि शेवटची क्लायंट उठलेली नसायची." दुसरीनं सांगितलं, "चार महिने नुसते केस धुतले. घरी काय सांगणार?"

त्यानंतर मी माणसं घेण्याची पद्धत बदलली.

आधी खोलीचं. सलून बंद व्हायची वेळ आणि गेटची वेळ या दोन्ही मी मुलगी रुजू होण्याआधी स्वतः जुळवून बघते. डिपॉझिट मी भरते, पण खोली तिच्याच नावावर घेते आणि पैसे छोट्या हप्त्यांत परत घेते. खोली मालकिणीच्या नावावर असली, की नोकरी सोडायची म्हणजे त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही सोडायचं. अशा भीतीनं थांबलेली मुलगी मनापासून काम करू शकत नाही. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणारेही आहेत. ते मला मुळीच मान्य नाही. आणि सगळ्या स्टाफला एकाच खोलीत ठेवू नये, हे मी ठेच लागून शिकले. दुपारी चेअरवरून झालेलं भांडण रात्री खोलीवर जातं आणि मग एक निघाली की दुसरीही निघते.

घरच्यांशी मी मुलीसमोरच बोलते, तिच्या पाठीमागे नाही. त्यांचे प्रश्न साधे असतात: रात्री किती वाजता सुटेल, सोबत कोण असेल, फोन लागला नाही तर कुणाला करायचा. "काळजी करू नका" हे त्यांचं उत्तर नव्हे. आठवड्यात दोन दिवस उशीर होईल, त्या दिवशी खोलीपर्यंत कोण सोडेल, सलूनमधल्या सीनियर ताईंचा नंबर हा, असं नेमकं सांगावं लागतं. पहिल्या महिन्यात आई-वडिलांनी येऊन खोली आणि सलून बघावं, असा माझा आग्रह असतो. घरातलं कार्य आणि आमची गर्दी बहुतेक एकाच वेळी येते, म्हणून त्या रजा रुजू होतानाच वहीत लिहून घेते.

पण खरी गोष्ट खुर्चीवरच्या कामाची आहे. मागच्या खेपेला आलेल्या मुलीनं कोर्स केला होता आणि वर दोन वर्षं गावातल्या पार्लरमध्ये काम केलं होतं. ट्रायलला कट आणि ब्लो-ड्राय करायला दिला. सेक्शन स्वच्छ, हात स्थिर. बोलताना मात्र अडखळत होती. क्लायंटशी बोलणं सवयीनं येतं, त्यासाठी तिचे हात बांधून ठेवायची गरज नव्हती. पहिल्या आठवड्यापासून ब्लो-ड्राय तिच्याकडे दिला. दुसऱ्या आठवड्यापासून रूट टच-अप दिलं. शेड आणि डेव्हलपर ती आधी तोंडी सांगणार, मी हो म्हटलं की मिसळणार. सहाव्या आठवड्यात पहिला ग्लोबल कलर, म्हणजे मुळांपासून टोकांपर्यंत पूर्ण केसांचा रंग. ही तारीख तिला पहिल्या दिवशीच लिहून दिली होती.

त्या दिवशी कधीच रंग न लावलेल्या केसांना शेड उजळवायची होती. तिनं मुळांपासून सुरुवात केली. मी दुसऱ्या क्लायंटमध्ये अडकले होते, लक्ष गेलं तेव्हा मागची बाजू लावून झाली होती. टाळूच्या उबेनं मुळांजवळ रंग लवकर उचलतो, म्हणून अशा केसांत आधी मधली लांबी आणि टोकं घ्यायची, मुळं शेवटी. धुतल्यावर मागे मुळांजवळ केशरी पट्टा स्पष्ट दिसत होता.

तिला येत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तिनं दोन वर्षं पांढरे केस झाकले होते आणि तिथे मुळांपासूनच सुरुवात करतात. तिच्या अनुभवाची हद्द कुठे संपते, ते मी आधी विचारायला हवं होतं. क्लायंटला मी स्वतः सांगितलं की लक्ष ठेवणं माझं काम होतं. मुळांना लांबीशी जुळणारी, थोडी गडद शेड लावून पट्टा बसवला. लावायचं काम तिच्याच हातून करून घेतलं, मी शेजारी उभी राहिले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आता परत बेसिनवर का?" मी नाही म्हटलं. पुढच्याच आठवड्यात तसेच केस असलेली मॉडेल बोलावली आणि तिच्याकडून पूर्ण ग्लोबल करून घेतला. फॉइल लावून निवडक बटा उजळवायचं काम मात्र महिनाभर पुढे ढकललं आणि का ढकललं तेही सांगितलं. बिघडलेला रंग सुधारायचं काम अजून तिच्याकडे दिलेलं नाही, वर्षभर तरी देणार नाही.

आता तिच्या नावानं अपॉइंटमेंट घेणाऱ्या क्लायंट आहेत. गेल्या महिन्यात तिनंच तिच्या जुन्या पार्लरमधल्या मैत्रिणीला ट्रायलला आणलं. त्या मुलीला मी पहिला प्रश्न विचारला: रंग न लावलेल्या केसांवर आजवर किती वेळा काम केलंस?