सात चौकटींचं झाड आणि तेरा चिंचोके

दुसरीला 'माझे कुटुंब' शिकवताना झाडाच्या चित्राची झेरॉक्स वाटायची, असं मी तीन वर्षं केलं. बुंध्याशी मूल, वर आईबाबा, त्याच्या वर दोन्हीकडचे आजीआजोबा. सात चौकटी. आमच्या बीडकडच्या गावात सातात बसणारं घर हुडकावं लागतं. एका पोरीनं बाबांच्या चौकटीत मामाचं नाव लिहिलं. मी ते खोडून म्हणाले, "इथं बाबांचं लिही." तिनं ती चौकट पेन्सिलीनं काळीकुट्ट करून टाकली.

चूक माझी होती. घरात कोण राहतं हा एक धडा आणि कुणाला काय म्हणायचं हा दुसरा. मी दोन्ही एकाच कागदावर कोंबले होते.

आता पहिल्या दिवशी फरशीवर खडूनं गोल काढायचा आणि चिंचोके मांडायचे. प्रश्न एकच: "काल रात्री तुमच्या घरी कोण कोण जेवलं?" जेवढी माणसं तेवढे चिंचोके. घरी नसलेलं, पण आपलं माणूस गोलाबाहेर ठेवायचं, वाटलं तरच. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, ती पोरं दोन चिंचोके बाहेर ठेवतात, पण अगदी रेघेला चिकटवून. रिकामी चौकट कुणाच्याच वाट्याला येत नाही.

नात्याचे शब्द दुसऱ्या दिवशी, आणि तेही दुसऱ्याच्या घरावर. शिवाजी महाराजांचं घर सगळ्यांना माहीत असतं. आई जिजाऊ, वडील शहाजीराजे, आजोबा वेरूळचे मालोजीराजे. संभाजीराजांची आई सईबाई १६५९ मध्ये गेल्या, तेव्हा ते दोन वर्षांचे होते. "मग सांभाळलं कोणी?" असं वर्गातूनच येतं. आजीनं. मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "माह्यावानीच."

या वयाची पोरं दोन पायऱ्या नीट चढतात: आईचा भाऊ, मामा. "आईच्या भावाची मुलगी" म्हटलं की "मामा" म्हणून थांबतात. तिथं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. चिंचोक्यापासून चिंचोक्यापर्यंत सुतळी ठेवायची आणि बोटानं चालायचं. मामाची ती मामेबहीण, आत्याची आतेबहीण, मावशीची मावसबहीण.

चुलत्याचा तो चुलतभाऊ, इथं मात्र भांडण झालं. तेरा चिंचोकेवाला पोरगा रडकुंडीला आला. "चुलत नाही मॅडम, भाऊच हाय!" एका ताटात जेवणाऱ्याला चुलत म्हणायचं म्हणजे त्याला परकं करण्यासारखं वाटलं असणार. मी म्हणाले, हाक भाऊच मार. कुणाचा मुलगा असं कुणी विचारलं, तरच चुलत सांगायचं.

मग त्यानं विचारलं, "मोठ्या मायला काय लिहू, काकू?" म्हटलं, दोन्ही लिही. त्यानं 'मोठी माय' एवढंच लिहिलं आणि वही मिटली.