खाज थांबली म्हणून मलम थांबवू नका

पाळी जाण्याच्या वयात योनीभोवती खाज सुरू झाली की बहुतेक बायका आधी बुरशीचं मलम लावतात. त्याने गेली नाही तर "वयाचा कोरडेपणा" म्हणून सोडून देतात. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला याची चीड येते, कारण कित्येकदा कुणी नीट बघितलेलंच नसतं.

बावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. रात्री खाजेने झोप नाही, संबंधाच्या वेळी कातडी चिरते, आणि बुरशीवरची औषधं घेऊन झालेली. तपासलं तर त्वचा पांढरी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी, खाजवून मध्येमध्ये लालजांभळे ठिपके. हा पांढरेपणा गुदद्वाराभोवतीही पसरलेला होता. आतले ओठ जवळजवळ सपाट होऊन बाजूच्या त्वचेत मिसळले होते. हा लायकेन स्क्लेरोसस. तो संसर्ग नाही, नवऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असं मानलं जातं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो.

त्यांना क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे तीव्र स्टेरॉइडचं ऑइंटमेंट दिलं. पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. एका वेळी बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, फक्त पांढऱ्या भागावर. ३० ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने तीन महिने पुरते. साबण बंद, धुतल्यावर साधं व्हॅसलिन.

आणि इथेच घोटाळा झाला. दोन आठवड्यांत खाज गेली. ट्यूबच्या कागदावर "गुप्तांगावर लावू नये" असं वाचून बाई घाबरल्या आणि मलम बंद केलं. (तो कागद सगळ्या त्वचारोगांसाठी असतो, या आजारासाठी नव्हे.) काही महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा योनीचं तोंड आणखी आवळलेलं होतं.

स्टेरॉइडची भीती मला कळते. पण या आजारात त्वचा पातळ करतो तो आजारच, आणि ठरलेल्या मात्रेतलं मलम त्याला रोखतं. इस्ट्रोजेनची क्रीम कोरडेपणाला चालते, यावर नाही. खाज शमली तरी आतली सूज शांतपणे चालू राहू शकते आणि व्रण धरत जातात. एकदा चिकटलेले ओठ मलमाने सुटत नाहीत. म्हणून तीन महिन्यांनंतरही बहुतेकींना आठवड्यातून एकदोनदा मलम चालू ठेवावं लागतं.

दुसरं कारण कॅन्सरचं. या त्वचेवर तो होण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी, आणि नियमित उपचार घेणाऱ्यांत त्याहून बरीच कमी. या बाई आता महिन्यातून एकदा आरसा धरून बघतात आणि वर्षातून एकदा दाखवून जातात. न भरणारी जखम, जाड कडक गाठ किंवा मलमाला दाद न देणारा चट्टा दिसला, तर वार्षिक भेटीची वाट बघायची नाही. तिथला छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.