गोपनीय : फक्त विक्रेत्यासाठी

दोन माणसांत भांडण लावून द्यायचं काम मी आजवर पुष्कळदा फुकट केलं आहे. पण ऑफिसने तेच लेखी मागितलं, तेव्हा हाताला घाम फुटला.

साहेब म्हणाले, घाऊक खरेदीच्या घासाघिशीचा सराव घ्यायचाय. एक गिऱ्हाईक, एक विक्रेता, 500 खुर्च्या. "तुम्ही लिहिता ना काहीबाही? मग याची स्क्रिप्ट लिहा."

मी रात्र जागून खटकेबाज संवाद लिहिले. तालमीत विक्रेता झालेले लेखा विभागातले काका "मला परवडत नाही कंसात मान हलवतात" असं सलग वाचून मोकळे झाले. मान मात्र हलवली नाही. गिऱ्हाईक झालेल्या स्टोअरच्या बाईंनी तर शेवटच्या पानावरचा भाव आधीच वाचला होता. मग घासाघीस कसली? सौदा कुठे ठरणार हे दोघांनाही ठाऊक असेल, तर उरतं ते नुसतं पाठांतर.

मग कळलं, की संवाद लिहायचेच नसतात, लिहायचे असतात तीन कागद. एक दोघांना सारखा: माल काय, नग किती, कशाकशावर बोलायचं. उरलेले दोन गोपनीय. त्यात ज्याची त्याची मर्यादा, आणि ती मर्यादा का आहे तेही. "90 च्या वर जाऊ नका" एवढंच लिहिलं तर माणूस 95 ला हो म्हणून मोकळा होतो, कारण पैसे त्याच्या खिशातले नसतात. "दुसरा पुरवठादार 90 ला द्यायला तयार आहे" असं लिहिलं, की त्याला 91 सुद्धा टोचतं.

हे कळलं तरी आकड्यांनी दगा दिलाच. पहिल्या खेपेला मी विक्रेत्याला 88 च्या खाली यायची मनाई केली आणि गिऱ्हाइकाला 82 च्या वर चढायची. दोघं दीड तास भांडले. गिऱ्हाइकाच्या कमाल भावातून विक्रेत्याचा किमान भाव वजा करायचा आणि उत्तर उणे आलं तर सौदा होणं शक्यच नाही, हे तिसरीतलं गणित मी केलंच नव्हतं. काही प्रशिक्षक अशी कोंडी मुद्दाम करतात, माणूस वेळेवर उठून जातो का ते बघायला. मीही मुद्दामच केली होती, असं साहेबांना सांगितलं.

दुसऱ्या खेपेला विक्रेत्याचा तळ 76 केला, कारण त्याचं दुसरं गिऱ्हाईक तेवढ्याला माल उचलायला तयार. गिऱ्हाइकाचं छत 90. मध्ये 14 ची ऐसपैस जागा. शिवाय काकांनी मागच्या वेळी तीन काल्पनिक गिऱ्हाइकं उभी केली होती, म्हणून "कागदात नसलेला पर्याय मनाने निर्माण करू नये" अशी तळटीप टाकली. आणि डिलिव्हरी 10, 20 की 30 दिवसांत, हा एक मुद्दा वाढवला. त्यात माझी एक खोडी होती. विक्रेत्याला गोडाऊन रिकामं करायची घाई, गिऱ्हाइकाला कार्यक्रमासाठी खुर्च्या लवकर हव्यात. म्हणजे दोघांनाही 10 दिवसच हवेत. हा मुद्दा दोन मिनिटांत मिटेल, सगळे हसतील आणि मी जाणकार दिसेन, अशी माझी योजना.

बाई म्हणाल्या, "डिलिव्हरीची आम्हाला काही घाई नाही हो." घाई दिसली तर भाव चढेल ही भीती.

काका म्हणाले, "बरंच झालं. दहा दिवसांत माल काढणं म्हणजे आमचं कंबरडंच मोडतं." लवकर देण्याचे जादा पैसे उकळायचा बेत.

मी मागे बसून ओठ चावत होतो. काकांनी नुसतं विचारायचं होतं, "दहा दिवसांत 84 की तीस दिवसांत 82, काय घेता?" बाईंनी दोन्ही नाकारले असते, तरी त्यांचा जीव कशात आहे ते कुठल्या प्रस्तावावर जास्त रेंगाळल्या त्यावरून कळलं असतं. पण बाई महिनाभर थांबायचं "औदार्य" दाखवत होत्या आणि काका ते जड अंतःकरणाने स्वीकारत होते. शेवटी दोघांनी समजूतदारपणा दाखवून सगळंच अर्ध्यावर तोडलं. भाव 83, डिलिव्हरी 20 दिवसांत. टाळ्या पडल्या. काकांनी तर हस्तांदोलनही केलं, जे कंसात नव्हतं.

मग मी कागदांची अदलाबदल करायला लावली. बाईंनी काकांचा कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"अहो, तुम्हालाही दहाच दिवस हवे होते? मग सांगायचं नाही का?"

काकांनी कागद उलटा करून वरच्या ओळीवर बोट ठेवलं. मीच ती ठळक अक्षरांत छापून दोनदा अधोरेखित केली होती.

"गोपनीय लिहिलंय ना इथे," काका म्हणाले, आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले.