हिप्पोकॅम्पसची श्रेणी वयाशी ताडून पाहावी

«आईचे वय ७८ आहे. एमआरआयच्या अहवालात हिप्पोकॅम्पस आक्रसल्याची ‘श्रेणी २’ लिहिली आहे. म्हणजे हा अल्झायमरच ना?» – इंदूरहून एक वाचक

केवळ या श्रेणीवरून तसे म्हणता येत नाही. ही मोजपट्टी ० ते ४ अशी असते आणि स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसची उंची व त्याच्या भोवतीच्या द्रवाने भरलेल्या फटी डोळ्यांनी पाहून ती ठरवली जाते. श्रेणी १ मध्ये केवळ एक फट रुंदावलेली असते, २ मध्ये शेजारची पोकळीही वाढलेली दिसते, तर ३ पासून हिप्पोकॅम्पसची उंची स्पष्टपणे घटलेली असते. वयानुसार थोडे आकुंचन सर्वांनाच होत असल्यामुळे पंचाहत्तरीच्या आत श्रेणी २ असामान्य मानतात, परंतु त्यानंतर बहुधा ३ किंवा अधिक असल्यासच ती तशी धरतात. आपल्या आईंची श्रेणी त्यामुळे वयाच्या मर्यादेत बसते. (अहवालात श्रेणीशेजारी वयाचा संदर्भ क्वचितच लिहिलेला असतो, हे खटकते.)

याचा अर्थ आजार नाही असाही होत नाही, कारण सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये स्कॅन जवळजवळ सामान्य दिसू शकतो. आई सराफ्यातून घरी येण्याचा नेहमीचा रस्ता चुकतात का, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का, हे न्यूरॉलॉजिस्टना तपशीलवार सांगावे. दोन्ही बाजूंच्या श्रेणी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत का आणि मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातील पॅरायटल खंडाबद्दल काही नोंद आहे का, हेही विचारावे. बी-१२ व थायरॉइडची तपासणी झाली नसल्यास ती करून घ्यावी.