पाईपच्या दांड्यांचा पाऊस

जोराचा पाऊस आला की डच लोक म्हणतात, पाईपच्या दांड्या पडतायत. त्यावर आलेला हा प्रश्न: «पाईपच्या दांड्या पडतात म्हणजे नक्की काय पडतं? चित्रच डोळ्यासमोर येईना.»

ही आपली बोटभर लाकडी पाईप नव्हे. सतराव्या शतकापासून नेदरलँड्समधल्या गौडा शहरात पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या पाईप बनत. मातीची वळी लाटायची, तिच्यातून तार आरपार घालून धुराची वाट पाडायची, धातूच्या साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. दांडी हातभर लांब, सरळ, पांढरी आणि काडीसारखी मोडणारी. तिचे तुकडे डच शेतांत आजही नांगराला लागतात. आता जोराची सर डोळ्यासमोर आणा, म्हणजे त्या पांढऱ्या उभ्या रेघा दिसतील. मुसळधार म्हणताना आपण तरी दुसरं काय पाहतो? फक्त त्यांचं मुसळ तंबाखूचं!

ऊन असताना पाऊस आला की डच लोक म्हणतात, नरकात जत्रा भरलीय. आपण कोल्ह्याचं लग्न लावून मोकळे होतो.

मला मात्र त्यांची गाईंची म्हण जास्त आवडते: 'जुन्या गाई चरातून काढणे', म्हणजे मिटलेली भांडणं उकरणे. तिकडे सखल कुरणांना कुंपणाऐवजी पाण्याचे चर असतात, त्यात गाई खरंच पडतात. पण फार पूर्वी बुडालेली गाय ओढून काढली तर हाती दुर्गंधीच येणार, दूध थोडंच मिळणार! भाऊबंदकीत आपल्याकडे नेमकं हेच चालतं, फक्त आपण गाईंऐवजी गाडलेली मढी उकरतो.