डाळ-भात अपुरा नाही, वरण पातळ आहे

प्रोटीन पावडर घ्यायला सांगणारे लोक सहसा असं म्हणतात: ‘वरण-भात म्हणजे निव्वळ कार्ब. त्यात प्रोटीन नसतंच. वनस्पतीच्या प्रोटीनमध्ये काही अमिनो आम्लं नसतातच, म्हणून ते शरीराला लागू होत नाही. डाळ-भात एकाच घासात खाल्ला तरच थोडाफार उपयोग, वेगवेगळं खाल्लं तर वाया. आणि जे खाल ते पचत नाही. म्हणून पावडर घ्या.’

पहिला मुद्दा आकड्यांनीच निकाली निघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 8 ग्रॅम प्रथिनं आहेत आणि तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम. एका माणसासाठी 75 ग्रॅम तांदूळ आणि 25 ग्रॅम डाळ शिजवली, तर ताटात साधारण 11 ग्रॅम प्रथिनं येतात, म्हणजे दोन अंड्यांच्या जवळपास. पिष्ट जास्त असतं हे खरं. अंड्यांच्या दुपटीहून जास्त उष्मांक पोटात जातात हेही खरं. पण ‘नसतंच’ हे खोटं.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यांतली जेवणातूनच मिळवावी लागणारी नऊही तांदळात आहेत, गव्हात आहेत, तुरीतही आहेत. ‘नाही’ असं एकही नाही. फरक प्रमाणात आहे. शरीर प्रथिनं बांधताना लागणारी सगळी आम्लं ठरलेल्या प्रमाणात वापरतं. त्यातलं एक कमी पडलं की बांधणी तिथेच अडते आणि उरलेली आम्लं जाळली जातात, त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे निघून जातो. धान्यांत हे अडणारं आम्ल म्हणजे लायसिन. डाळींत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त जोडी कमी पडते.

याचं कारण बियांच्या साठवणीत आहे. गहू आणि ज्वारी आपली प्रथिनं बहुतांशी प्रोलामिन नावाच्या गटात साठवतात, आणि त्या गटात लायसिन फारच थोडं असतं. तांदळाचं साठवणीचं प्रथिन मुख्यतः ग्लुटेलिन गटातलं, म्हणून तो गव्हापेक्षा बरा. डाळी ग्लोब्युलिन साठवतात. त्यात लायसिन भरपूर, पण गंधकयुक्त आम्लं कमी. एकाची उणीव नेमकी दुसऱ्याकडे जास्त आहे. जोडी जमते ती यामुळे.

आता वरच्याच ताटाचा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या 2007 च्या अहवालाप्रमाणे प्रौढ माणसाच्या आहारात दर ग्रॅम प्रथिनामागे 45 मिलिग्रॅम लायसिन आणि 22 मिलिग्रॅम गंधकयुक्त आम्लं हवीत. तांदळाच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसिन साधारण 37 मिलिग्रॅम, तुरीच्या प्रथिनात 65 ते 70. तूर 65 धरली तर 75 ग्रॅम तांदळातून सुमारे 220 मिलिग्रॅम आणि 25 ग्रॅम डाळीतून 350, मिळून 570. भागिले 11.4 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅममागे 50. पास. गंधकयुक्त आम्लं तांदळात 40 च्या आसपास, त्यामुळे मिश्रणात ती तिशीच्या वर राहतात. तीही पास.

हाच हिशेब ज्वारीला लावला की चित्र बदलतं. ज्वारीत ग्रॅम प्रथिनामागे लायसिन जेमतेम 21. शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीबरोबर 25 ग्रॅम डाळ घेतली तर मिश्रण 36 वर अडकतं. 45 गाठायला 55 ग्रॅम डाळ लागते, म्हणजे दोनास एकापेक्षाही थोडी जास्त. गव्हाला 40-45 ग्रॅम. म्हणून धान्य-डाळीचं ‘तीनास एक’ हे प्रमाण भातापुरतं ठीक आहे, भाकरीला नाही. भाकरीशी घट्ट पिठलं किंवा वाटीभर मटकीची उसळ हवी. ठेचा-भाकरी चवीला कितीही झकास असली तरी लायसिनच्या बाबतीत ती कोरडीच.

एकाच घासाचा आग्रह जुना आहे. 1971 साली अमेरिकेत गाजलेल्या एका पुस्तकाने तो घरोघरी नेला. त्याच लेखिकेने दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत तो मागे घेतला, पण तोवर गोष्ट पसरली होती. स्नायूंच्या पेशींत मोकळ्या लायसिनचा साठा असतो आणि तो काही तास कामी येतो. सकाळी पोहे आणि दुपारी उसळ खाल्ली तरी प्रौढ माणसाचं काम भागतं. एकाच ताटात घेतलं तर उत्तमच, पण घड्याळ लावून जेवायची गरज नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी सैल बोलणार नाही. त्यांचं पोट लहान आणि गरज वजनाच्या मानाने मोठी, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक मऊ भातात डाळ असावी आणि ती दिसावी.

पचनाच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते वाढवून सांगितलंय इतकंच. दूध-अंड्याची प्रथिनं 95 टक्क्यांच्या आसपास पचतात, आपल्या डाळ-धान्याच्या जेवणातली 80 टक्क्यांच्या आसपास. डाळींत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेने बरेचसे निकामी होतात. म्हणून नीट शिजलेली डाळ चांगली, आणि मोड आलेली कच्ची मटकी कोशिंबिरीत घालण्यापेक्षा तिची उसळ करणं शहाणपणाचं. ज्वारीचं उलटं आहे. पाण्यात शिजताना तिची प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंततात आणि पचायला जड होतात, तर आंबवल्याने सुधारतात. आंबील करणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण पोटाला ठाऊक होतं. या वीस टक्क्यांच्या घटीमुळेच डाळ-धान्यावर राहणाऱ्याने रोज वजनाच्या किलोमागे नेहमीच्या 0.83 ऐवजी साधारण 1 ग्रॅम प्रथिनं धरावीत.

मग पावडर घ्यायची का? त्याआधी किराणाची यादी काढा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाच्या 2000 उष्मांकांच्या ताटात दिवसाला सुमारे 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ती दहा किलो होतात. तुमच्याकडे सगळ्या डाळी, बेसन आणि कडधान्यं मिळून दोन किलो येत असतील, तर डोईमागे रोज 17 ग्रॅम पडतात. साठ किलोच्या माणसाला रोज 1800 मिलिग्रॅम लायसिन हवं. त्या 250 ग्रॅम धान्यातला निम्मा तांदूळ, निम्मा गहू आणि 17 ग्रॅम डाळ यांतून 970 च्या आसपास मिळतं. 85 ग्रॅम डाळ घेतली तर तेच 1900 च्या पुढे जातं. पचनाची घट काढली की थोडं कमी पडतं, ते वाटी-दीड वाटी दही भरून काढतं. ताक नव्हे, त्यात निम्म्याहून जास्त पाणी घातलेलं असतं. दही-दूध चालत नसेल तर डाळच आणखी 20 ग्रॅम वाढवावी, किंवा थोडं सोयाबीन. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.